माझाच बायोडेटा, आठपैकी दोन

आमच्या पेडण्यात कोणी नवे भेटले की नाव विचारण्याआधी एक प्रश्न येतो : ‘कोणाची गो तूं?’ उत्तरात वडील सांगायचे, मग वाडा, मग देवस्थान, आणि त्यातून एखादी सामायिक आत्या निघाली की समोरच्याचे समाधान होते. माणूस मोजून झालेला असतो. रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन मी गावी परतले तेव्हा या मोजमापाविषयी माझे मत पक्के होते : साधन जुने आहे आणि त्याचे प्रमाणीकरण कोणीही केलेले नाही. प्रमाणित साधन कसे असते हे दाखवून देण्याची संधी मला काही वर्षांनी मिळाली. मी ते दाखवलेही, पण ठरवले होते तसे नव्हे.

त्या वेळी मी आमच्याच तालुक्यातल्या एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होते. कारखान्यात चाचण्यांचा एक नवा विभाग सुरू होणार होता आणि त्यासाठी सहा विश्लेषक घ्यायचे होते. जाहिरात निघाली आणि बायोडेटांचा पूर आला. डिचोलीकडच्या खाणी बंद होऊन काही काळ लोटला होता. खनिजाचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळाही खाणींबरोबर मिटल्या होत्या. साखळी-डिचोलीहून, फोंड्याहून, पत्रादेवीच्या नाक्यापलीकडच्या सावंतवाडीहून अर्ज आले. काही ईमेलने आले, काही फाटकावरच्या सुरक्षारक्षकाकडे ठेवलेले होते, आणि काहींच्या कोपऱ्यावर पेन्सिलीने कोणाची तरी शिफारस लिहिलेली होती.

हा ढीग निवडण्याची एचआरच्या साहेबांची पद्धत मी त्यांच्या केबिनमध्ये उभी राहून पाहिली. ते कागद उचलत, फोटो बघत, आडनाव बघत, कॉलेज बघत आणि डावीकडे किंवा उजवीकडे ठेवत. गती विलक्षण होती.

“पणजीच्या कॉलेजची मुले वेगळीच असतात,” त्यांनी मला समजावले. “मुली कामाला चांगल्या, पण लग्न झाले की गेल्या. आणि चाळिशी उलटलेला माणूस नवे यंत्र शिकत नाही. अनुभव आहे हा, मॅडम.”

मी स्वतः मुलगी होते, म्हापशाच्या कॉलेजची होते, आणि चाळिशीला अजून वेळ असला तरी तिकडेच निघाले होते. दुपारच्या बैठकीत मी कारखान्याच्या व्यवस्थापकांसमोर जाहीर केले की याला चाचणी म्हणत नाहीत, याला वास घेणे म्हणतात. एखादे औषध आम्ही असे तपासले, तर आमचा परवाना कोणी ठेवेल का?

व्यवस्थापक कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी विचारले, “मग तुम्ही करता का?”

“करते.”

“शुक्रवारपर्यंत मुलाखतीसाठी तीस जणांची यादी द्या.” मग म्हणाले, “नव्या विभागाला प्रमुख लागेल. यादी टिकली, तर त्या खुर्चीसाठी मी दुसरीकडे बघणार नाही.”

त्या खुर्चीचा विचार मी विभागाची भिंत उभी राहण्याआधीपासून करत होते. तिच्या मागे खिडकी असावी की बाजूला, इथपर्यंत माझा निर्णय झाला होता.

पद्धत मी एका संध्याकाळी आखली, आणि तिचा मला इतका अभिमान वाटला की आईला जेवताना ती दोनदा ऐकवली. एचआरच्या कार्यालयात डिचोलीच्या एक अनुभवी कारकून बाई होत्या. प्रत्येक अर्जाला क्रमांक द्यायचा आणि त्यातले कामापुरते तेवढेच संगणकावरच्या एका तक्त्यात उतरवायचे, हे काम त्यांचे. नाव, फोटो, जन्मतारीख, लिंग, लग्न, पत्ता आणि कॉलेज यांतले काहीही तक्त्यात येणार नव्हते. उत्तीर्ण झाल्याचे वर्षही नाही, कारण त्यातून वय काढता येते. कोणता क्रमांक कोणाचा, हे फक्त बाईंच्या कुलपात राहील.

पहिली चाळणी तीनच प्रश्नांची होती, उत्तर हो किंवा नाही : रसायनाची पदवी आहे का, प्रयोगशाळेत निदान वर्षभर काम केले आहे का, पाळीत काम करण्याची तयारी आहे का. शेवटचा प्रश्न जाहिरातीतच सर्वांना विचारलेला होता, बाप्यांनाही. ही चाळणी बाईंनी एकट्यांनी दीड दिवसात केली आणि ढीग निम्म्याहून खाली आला. उरलेल्यांना चार निकषांवर शून्य, एक किंवा दोन गुण द्यायचे होते : तंत्राची माहिती, नोंदी ठेवण्याची शिस्त, चुकीचा निकाल आला तेव्हा काय केले, आणि कामातले सातत्य. कशाला शून्य आणि कशाला दोन, हे एकही अर्ज वाचण्याआधी लिहून ठेवले. गुण दोघांनी स्वतंत्रपणे द्यायचे, एकमेकांचे न पाहता. शिवाय एकेक अर्ज पूर्ण न तपासता एकेक निकष सगळ्या अर्जांवर चालवायचा, म्हणजे एका उत्तराची चमक दुसऱ्यावर पडत नाही आणि वेळही वाचतो.

दुसरे परीक्षक आमच्याच प्रयोगशाळेतले ज्येष्ठ सहकारी होते. सावंतवाडीकडचे. ते मला ‘बाय’ म्हणत आणि माझ्या प्रत्येक नव्या कल्पनेकडे, फणस कापायच्या आधी बघावे तसे, सर्व बाजूंनी बघत.

पद्धतीला पहिले भोक पडायला अर्धा तास पुरला. सराव म्हणून घेतलेल्या पहिल्या वीस अर्जांत एकाने छंदाच्या रकान्यात लिहिले होते, दशावतारात स्त्रीभूमिका. सहकाऱ्यांचा चेहरा उजळला.

“ह्यो आमच्या पलीकडल्या गावचो! आजो काय नाचायचो ह्याचो! द्रौपदी करी तेव्हा बायका रडत.”

“गुण किती दिलेत?”

“दोन.”

“कशाला?”

“आज्याक,” ते म्हणाले, आणि स्वतःच हसून खोडले.

तेव्हा माझ्या ध्यानात आले की आमच्या मुलखात नाव झाकून काहीच झाकले जात नाही. एकाची भजन स्पर्धा, दुसऱ्याचा चर्चमधला क्वायर, तिसऱ्याला येणारी पोर्तुगीज. एवढ्यावर आम्ही दोघे त्याची आत्या शोधू शकत होतो. मी छंद आणि भाषा हे रकाने तक्त्यातून काढून टाकले. बाईंनी सुस्कारा सोडला, कारण ते टंकून झाले होते.

दुसरे भोक दुपारी पडले. माझ्या सांगण्यावरून बाईंनी एक अर्ज दोन वेगळ्या क्रमांकांनी सरावाच्या सकाळच्या आणि दुपारच्या गठ्ठ्यांत घातला होता. एकच नमुना दोनदा तपासून निकाल जुळतात का, हे बघण्याची ही आमच्याकडची साधी रीत. माझा निकाल जुळला नाही. जेवणापूर्वी मी त्या माणसाला सहा गुण दिले होते, आणि जेवणानंतर चार. मधे फक्त बांगड्याची आमटी आणि भात होता.

“म्हणजे,” बाई म्हणाल्या, “नोकरी जाय जाल्यार अर्ज सकाळचो वाचूंक जाय.” सकाळी वाचलेल्यालाच नोकरी, हा निष्कर्ष मी नोंदवहीत घातला नाही.

अर्जांचा क्रम आम्ही प्रत्येक निकषाला बदलायला लागलो, तासाला एकदा उठायला लागलो, आणि जिथे आमच्या दोघांच्या गुणांत दोनाचा फरक पडे तिथे निकषाची लेखी व्याख्या समोर ठेवून बोलायला लागलो. गुरुवारी संध्याकाळी सगळे गुण भरून झाले. काम झपाट्याने झाले होते. मी खुर्चीच्या खिडकीविषयी पुन्हा विचार करू लागले होते.

एक गोष्ट मी अजून सांगितलेली नाही. प्रयोगशाळेत नमुन्यांचा गट तपासताना आम्ही त्यात एक नमुना असा ठेवतो, ज्याचे उत्तर आधीच माहीत असते. तो बरोबर आला तरच बाकीच्यांवर विश्वास ठेवायचा. त्याला नियंत्रण नमुना म्हणतात. तो चुकला, तर त्या गटातला एकही निकाल बाहेर जात नाही. या ढिगासाठी उत्तर आधीच माहीत असलेला, चांगला ठरलाच पाहिजे असा अर्ज कोणाचा? माझ्या मते प्रश्नच नव्हता. तीन वर्षांपूर्वी मी याच कारखान्यात, याच कामासाठी दिलेला माझा बायोडेटा एचआरच्या कपाटात होता. मी बाईंना तो त्या काळी होता तसाच तक्त्यात उतरवायला सांगितले. क्रमांक मलाही सांगू नका, म्हटले. मनात अशी खात्री होती की तो मी वाचता वाचता ओळखीन, आणि मग तटस्थ राहण्यासाठी मला स्वतःला आवरावे लागेल.

शुक्रवारी सकाळी बाईंनी कुलूप उघडले. मी विचारले, “माझा कितवा आला?”

बाईंनी बोट वरून खाली नेले. ते बराच वेळ खाली जात राहिले.

“हो तुमचो,” त्या म्हणाल्या. “आठांतले दोन.”

“दुसऱ्या परीक्षकांनी किती दिलेत?”

“तांणी तीन. दोन तुमीच दिल्यात.”

मी तक्ता ओढून घेतला. शेऱ्याच्या रकान्यात माझ्याच आद्याक्षरापुढे लिहिलेले होते : ‘शब्द मोठे, पुरावा नाही.’ शेजारी उमेदवाराचे स्वतःचे शब्द होते : गतिमान, ध्येयवादी, विश्लेषणात नेतृत्व, दबावाखाली उत्कृष्ट. बुधवारी हे वाचताना मी मोठ्याने हसले होते, हे मला आठवले. ‘दबावाखाली उत्कृष्ट काय, कुकर आहे का?’ असे म्हणाले होते. सहकाऱ्यांनाही ते आठवले.

“कुकर गो कुकर,” ते म्हणाले आणि डोळे पुसू लागले.

ओळखले कसे नाही, याचे उत्तर सोपे होते. तो मजकूर मी म्हापशाच्या सायबर कॅफेतल्या एका तयार नमुन्यावरून उतरवला होता, आणि ढिगातल्या निदान पन्नास जणांनीही तेच केले होते. मी स्वतःला अनन्यसाधारण समजत होते आणि कागदावर पन्नासांतली एक होते.

आता मार्ग दोन होते. बाईंनी तो क्रमांक तक्त्यातून पुसला असता, तर यादीतली तीस नावे तशीच्या तशी राहिली असती, कारण मी त्यांत नव्हतेच. दुपारी ती यादी द्यायची, संध्याकाळी खुर्ची. मी हा मार्ग काही क्षण मोठ्या आदराने न्याहाळला. सहकाऱ्यांनी ते पाहिले असावे.

“नमुनो नापास झालो, बाय. औषधाच्या गोळीचो असतो तर तू काय केलंस असता?”

“गट थांबवला असता.”

“मगे?”

दुसरा धोका याहून सूक्ष्म होता. निकाल आवडला नाही म्हणून, आवडेपर्यंत पुन्हा पुन्हा चाचणी करत राहणे हा आमच्या धंद्यातला मोठा अपराध आहे. मी पास होईपर्यंत निकष वाकवले, तर ती पद्धत एचआरच्या साहेबांच्या पद्धतीहून वाईट झाली असती. ते निदान परक्यांसाठी वाकतात. आधी कारण शोधायचे. चूक पद्धतीत सापडली, तर पद्धत दुरुस्त करून सर्वांनाच पुन्हा तपासायचे. नाही सापडली, तर निकाल मान्य करायचा. नमुना वाईट होता, एवढेच.

आम्ही निकष घेऊन बसलो. मिळालेले दोन गुण तंत्राच्या माहितीचे होते, आणि पुढच्या दोन निकषांतली शून्ये न्याय्य होती. नोंदींविषयी मी अक्षरही लिहिले नव्हते. चुकीच्या निकालाविषयी तर नाहीच, कारण त्या वयात मला वाटे की चुका इतरांकडून होतात. पण चौथ्या निकषात, सातत्यात, मला शून्य होते. गेल्या सहा महिन्यांत प्रयोगशाळेत नसलेल्याला शून्य, असे मीच लिहिले होते. आणि मी त्या वेळी वर्षभर घरी होते. पाण्याच्या तपासणीची आधीची नोकरी सोडून संशोधनाच्या प्रवेशपरीक्षेला बसले, दोनदा नापास झाले, आणि बायोडेटात त्या वर्षाचे नाव ‘स्वतंत्र अभ्यास’ ठेवले.

“ह्या सहा महिन्यांचो आणि कामाचो संबंध काय?” सहकाऱ्यांनी विचारले.

पिपेट धरणारा हात सहा महिन्यांत विसरतो, असा माझ्याकडे कसलाही पुरावा नव्हता. नव्या माणसाला आम्ही तसेही महिनाभर शिकवूनच नमुन्याला हात लावू देत होतो. तो निकष मी घातला होता, कारण मेहनती माणूस रिकामा बसत नाही असे मला वाटत होते. म्हणजे मीही वासच घेतला होता. फक्त त्याला गुण दिले होते.

मग मी बाईंना एकच गोष्ट विचारली. नावे नकोत, व्यक्ती नकोत. सातत्यात शून्य मिळालेल्यांत साधारण कोण आहेत, एवढे सांगा. बाईंनी कुलपातली यादी लावून पाहिली.

“अर्ध्यांहून चड बायलो,” त्या म्हणाल्या. “बाळंतपणाक घरा राविल्ल्यो. उरिल्ले आमच्या डिचोली वाठारांतले. खाणीच्या लॅबांतले.” मग कागद ठेवून शांतपणे मराठीत म्हणाल्या, “खाण बंद झाली ती त्यांनी बंद केली नव्हती, मॅडम.”

नाव, वय, लिंग, गाव, सगळे मी दारातून बाहेर काढले होते आणि माझ्याच एका निकषाच्या खिडकीतून ते परत आत येऊन बसले होते.

मी व्यवस्थापकांकडे गेले. एचआरचे साहेब तिथेच होते. पूर्ण हकिकत सांगितली : नियंत्रण नमुना नापास, कारण सापडले, सातत्याचा निकष सर्वांसाठी रद्द, बाकी तीन निकषांवरची यादी नव्याने लावायची, काठावरचे अर्ज पुन्हा वाचायचे. सोमवारपर्यंत वेळ हवा.

“नमुना कोणाचा होता?” व्यवस्थापकांनी विचारले.

“माझा.”

एचआरच्या साहेबांचा चेहरा सणासारखा झाला. “म्हणजे मॅडम, तुमच्या पद्धतीने तुम्हीच या कारखान्यात आला नसतात! मी घेतले होते तुम्हाला. तीस सेकंदांत.”

मी म्हटले, “हो. आणि फोटो चांगला होता.”

व्यवस्थापकांनी सोमवार दिला. नंतर, मी दाराशी पोचल्यावर, म्हणाले, “विभागप्रमुखाची जागाही तुमच्याच पद्धतीने भरू. इतरही लोक असतील. तुम्ही अर्ज करा. त्या अर्जांना गुण मात्र दुसरे देतील.”

घरी परतताना मोटारसायकलवर मी त्यांच्यावर भयंकर रागावले होते. शब्द दिला होता. मग आठवले की शब्द ‘यादी टिकली, तर’ असा होता, आणि यादी मीच मोडली होती.

सोमवारी नवी यादी लागली. सातत्याच्या शून्यामुळे खाली गेलेले बरेच जण वर आले आणि काही चकचकीत क्रमांक खाली गेले. माझा जुना अर्ज थोडा वर सरकला, पण तिसाव्या जागेच्या बराच खाली थांबला. पद्धतीची चूक दुरुस्त झाली तरी उमेदवाराची तशीच होती. हे मी मान्य केले. सहकाऱ्यांनी ते मला तीनदा मान्य करायला लावले.

मुलाखतीत सर्वांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारले गेले. ‘कोणाचा’ हा प्रश्न मी लेखी मनाई करून बंद केला होता.

मग मी माझा अर्ज लिहायला बसले. गतिमान खोडले, ध्येयवादी खोडले. नेतृत्व हा शब्द माझ्या हातून सुटेना, तोही सोडवला. पान जवळजवळ कोरे झाले. उरला ‘चुकीचा निकाल आला तेव्हा काय केले’ हा रकाना. लिहिण्यासारखी एकच गोष्ट माझ्यापाशी होती, आणि ती आठपैकी दोनची होती. तीच लिहिली. कुकर सोडून.

बाईंनी अर्ज घेतला. तो उतरवण्याआधी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

“नाव झाकतलें, वय झाकतलें, कॉलेज झाकतलें. पूण हें जें बरयलां, तें कारखान्यांत सगळ्यांक खबर आसा. तें कशें झाकूं?”

बाईंचे खरे होते : मी लिहिलेली गोष्ट कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होती. आतल्या उमेदवाराची ओळख पूर्ण झाकता येत नाही, हे मी माझ्या अर्जाला जोडून लेखी कळवले. व्यवस्थापकांनी ते दुसऱ्या शाखेतल्या, मला न ओळखणाऱ्या दोघांकडे तपासायला पाठवले. त्यांनीच मुलाखत घेतली. जागा मला मिळाली. प्रमुखपदासाठी नव्याने घातलेल्या ‘नेतृत्वक्षमता’ या रकान्यात मात्र एक गुण होता, दोनपैकी. खुर्चीमागे खिडकी नाही. तिथे एसीचा डबा आहे, आणि तो गळतो.

नवे सहाजण रुजू झाले त्या दिवशी मी सर्वांना चहाला बोलावले. पातळभाजी आणि पाव मागवला होता. मला भाषण करायचे होते : इथे तुम्हाला कोणी नावावरून, वयावरून, गावावरून निवडलेले नाही, वगैरे. त्यांत सर्वांत वयाने मोठ्या बाई खाणीच्या प्रयोगशाळेत अनेक वर्षे काढलेल्या होत्या, डिचोली तालुक्यातल्या. मी बोलायला उभी राहिले. त्यांनी पावाचा तुकडा भाजीत बुडवला, माझ्याकडे निरखून पाहिले आणि विचारले, “कोणाची गो तूं?”

मी वडिलांचे नाव सांगितले, मग वाडा, मग देवस्थान. आमची एक आत्या साखळीला निघाली. भाषण राहिलेच.